पुरामुळे की पुरानंतर?

“2005 च्या पुरामुळे हरिपूरची पेवे बंद पडली.”

हे वाक्य सांगलीत कुणालाही ऐकवा, तो मान डोलावेल. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हरिपूर, तिथली जमिनीत खोदलेली, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद होत गेलेली पेवं, त्यांत साठवलेली हळद आणि मग 2005 चा पूर. सगळं ओळखीचं आहे. त्यामुळे एखाद्या विद्यार्थिनीने एम. ए. अर्थशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी हा विषय घेतला, तर हे वाक्य तिच्या वहीत पहिल्याच दिवशी उतरणार. त्यात चुकीचं काही असेल असं तिला वाटायचंही नाही.

एम. ए.च्या पहिल्या वर्षाला संशोधन पद्धतीचा पेपर सुरू झाला की चार शब्द कानावर आदळायला लागतात: ॲबस्ट्रॅक्ट, प्लेजिअरिझम, व्हायवा आणि पिअर रिव्ह्यू. नोट्समध्ये चारही शब्दांच्या व्याख्या असतात, त्या पाठही होतात, पण त्यांचं करायचं काय ते कळत नाही. म्हणून इथे व्याख्या बाजूला ठेवू. वरचं एकच वाक्य हातात धरू आणि या चार ठिकाणी त्याचं काय होतं ते बघू. विद्यार्थिनी सांगलीची आहे, तिने हरिपुरात आणि मार्केट यार्डात मिळून 40 जणांच्या मुलाखती घेतल्या आहेत, असं मानू. पुढे येणारे तिच्या अभ्यासाचे आकडे उदाहरणापुरते मांडलेले आहेत. ते हरिपूरची खरी आकडेवारी म्हणून कुणी उचलू नयेत.

ॲबस्ट्रॅक्टला मराठीत कुणी सारांश म्हणतं, कुणी गोषवारा. मला गोषवारा जास्त नेमका वाटतो, कारण तो हिशेबातला शब्द आहे. तलाठ्याच्या दप्तरात गोषवारा असतो तेव्हा त्यात नवी नोंद नसते. आतल्या पानांवर जे आहे त्याचीच बेरीज तिथे येते. आत नसलेला आकडा गोषवाऱ्यात दिसला, तर तो चुकलेला तरी असतो किंवा घुसडलेला तरी. प्रबंधाच्या गोषवाऱ्याला हाच नियम लागू आहे.

आता तिचा पहिला मसुदा पाहा.

“सांगली ही हळदीची नगरी म्हणून जगप्रसिद्ध आहे. भारतीय संस्कृतीत हळदीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. हरिपूर येथील पेवे ही साठवणुकीची पारंपरिक पद्धत आहे. 2005 च्या पुरामुळे हरिपूरची पेवे बंद पडली. प्रस्तुत प्रबंधात पेवांचा इतिहास, सद्यस्थिती, समस्या व उपाय यांची सविस्तर चर्चा करण्यात आली आहे.”

पाच वाक्यं आहेत. पहिल्या दोन वाक्यांत सांगलीच्या जागी जळगाव आणि हळदीच्या जागी केळी घातली, तरी काही बिघडत नाही. जे वाक्य दुसऱ्याच्या प्रबंधात जसंच्या तसं बसतं, ते गोषवाऱ्यात फुकटची जागा अडवतं. पाचवं वाक्य ही अनुक्रमणिका आहे. चर्चा ‘करण्यात आली आहे’, पण चर्चेतून निघालं काय ते सांगितलेलंच नाही. मधे आपलं पुराचं वाक्य आहे, आणि ते तिच्या 40 मुलाखतींतून आलं की गावगप्पांतून, हे कळायला काही मार्ग नाही. मुलाखतींचा तर उल्लेखच राहून गेला आहे. चार महिने उन्हातान्हात फिरून केलेलं काम गोषवाऱ्यातूनच गायब आहे.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. गोषवारा सुरुवातीला छापला जातो, म्हणून तो सुरुवातीलाच लिहिला जातो. तो शेवटी लिहायचा असतो. सुरुवातीला लिहितात तो आराखडा, ज्याला सगळे सिनॉप्सिस म्हणतात. आराखड्यात भविष्यकाळ असतो: मुलाखती घेतल्या जातील, तुलना केली जाईल. गोषवाऱ्यात भूतकाळ हवा: घेतल्या, केली, आढळलं. गोषवाऱ्यात ‘केला जाईल’ दिसलं की आराखड्याचीच पानं पुढे चिकटवली आहेत हे परीक्षक ओळखतो.

आकडे हाती आल्यावर तिने पुन्हा लिहिलं ते असं.

“हरिपूर (जि. सांगली) येथे हळद साठवण्यासाठी होणारा पेवांचा वापर 2005 च्या पुरानंतर कमी झाला. पेवे सोडण्यामागे पूर हेच एकमेव कारण होते का, हे तपासणे हा या अभ्यासाचा हेतू होता. त्यासाठी 18 पेवमालक कुटुंबे व 22 हळद व्यापारी अशा 40 जणांच्या प्रश्नावलीच्या आधारे मुलाखती घेतल्या. त्यांपैकी 31 जणांनी 2005 नंतर पेव वापरणे थांबवले होते. या 31 पैकी 19 जणांनी पुरातील नुकसान हे मुख्य कारण सांगितले, तर 12 जणांनी गोदामाच्या पावतीवर मिळणारे कर्ज हे मुख्य कारण सांगितले. पेवे मागे पडण्यात पुराबरोबर कर्जाच्या सोयीचाही वाटा असावा, असे या मुलाखतींवरून दिसते.”

शब्द साधारण दुप्पट झाले, पण वाचणाऱ्याला आता प्रश्न कळला, काम कळलं, निकाल कळला. मुख्य म्हणजे ‘पुरामुळे’ जाऊन ‘पुरानंतर’ आलं. तिच्या स्वतःच्याच आकड्यांनी ते करायला लावलं. 12 जण कर्जाचं कारण सांगत असताना ‘पुरामुळे’ म्हणणं म्हणजे त्या 12 जणांना खोटं पाडणं झालं असतं. आणि शेवटचं क्रियापद बघा, ‘असावा’. 40 जणांच्या बोलण्यावर तेवढाच भार टाकता येतो.

लघुप्रबंधाला साधारण 200 ते 300 शब्दांचा गोषवारा चालतो, नियतकालिकाला बहुधा 150 ते 250. वरच्यात अजून जागा आहे, तिथे मुलाखती कोणत्या महिन्यांत घेतल्या आणि माणसं कशी निवडली हे घालता येईल. संदर्भ, तळटीपा, अवतरणं इथे घालत नाहीत. लिहून झालं की पेन्सिल घ्यायची आणि गोषवाऱ्यातल्या प्रत्येक वाक्यासमोर, ते प्रबंधात ज्या पानावर सिद्ध झालं आहे त्या पानाचा क्रमांक घालायचा. ज्या वाक्याला पान सापडत नाही ते खोडायचं.

गोषवाऱ्याबद्दल एक गोष्ट पहिल्या वर्षाला सहसा कुणी सांगत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे शैक्षणिक सचोटीचे नियम आहेत. त्यांत गोषवारा, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष आणि शिफारशी हा संशोधनाचा गाभा मानला आहे आणि या भागात दुसऱ्याच्या लेखनाशी साम्यच असू नये असं म्हटलं आहे. सामान्य ज्ञान किंवा योगायोगाने सारखे आलेले शब्द वगळले जातात, तेही सलग 14 शब्दांपर्यंत. म्हणजे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं असं जे सगळेजण बोलत असतात, ती मुभा या भागासाठी धरून चालता येत नाही.

इथून आपण प्लेजिअरिझमकडे आलोच. या शब्दाचं मूळ लॅटिन आहे. दुसऱ्याचे गुलाम पळवणाऱ्याला प्लेजिअरियस म्हणत, आणि पहिल्या शतकातल्या मार्शल या रोमन कवीने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचणाऱ्या माणसाला तो शब्द लावला. मराठीत वाङ्मयचौर्य म्हणतात. पळवलेल्या गोष्टीला तिचा धनी असतो, ही कल्पना दोन्ही शब्दांत आहे. आपल्या वाक्याचा धनी कोण? पूर सगळ्या गावाने पाहिला. तो आला, या माहितीला संदर्भ लागत नाही. पण आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं हा आकडा लिहिला की तो कुणीतरी मोजलेला असतो, त्याला संदर्भ लागतो. आणि पुरामुळे पेवं बंद पडली हे कारण लावलं की ते कुणाचं तरी मत असतं. ते वर्तमानपत्रात वाचलं असेल तर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख हवी, 19 जणांनी सांगितलं असेल तर आपल्या तक्त्याचा क्रमांक हवा.

प्रबंध जमा करण्याआधी तो साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. अनेक ठिकाणी महाविद्यालयाचं किंवा विद्यापीठाचं ग्रंथालय हे काम करतं. अहवालावर मोठ्या अक्षरांत एक टक्केवारी येते आणि सगळ्यांची नजर तिथेच अडकते. समजा तिच्या अहवालावर 23 टक्के आले. रडायला सुरुवात करण्याआधी आत बघायचं. त्यातले 7 टक्के संदर्भसूचीचे निघाले, 4 टक्के अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देशाच्या पानांचे, 3 टक्के अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेल्या मजकुराचे. हे सगळं 2018 च्या नियमांनुसार वगळायचं असतं. सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते, ती चालू केलेली नसते इतकंच. उरले 9 टक्के.

नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 च्या वर 40 पर्यंत असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यावं लागतं. 40 च्या वर 60 पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. 60 च्या वर नोंदणीच रद्द. तेव्हा 9 टक्के म्हणजे सुटलो, असं वाटेल. पण त्या 9 मधले 6 टक्के एकाच ठिकाणचे आहेत, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरच्या एका जुन्या पीएच.डी. प्रबंधातली हळदीच्या इतिहासाची दोन पानं. टक्केवारी दंडापुरती आहे. दोन पानं सलग उचलली ही गोष्ट टक्का कमी आहे म्हणून बदलत नाही, आणि शहाणा मार्गदर्शक ती पानं काढायलाच लावतो. उलटही घडतं. 12 टक्के साम्य असलेल्या प्रबंधात ते पन्नास ठिकाणी विखुरलेलं, ‘महाराष्ट्र राज्यातील सांगली जिल्ह्यामध्ये’ अशा तुकड्यांचं असतं, आणि चोरी कुठेच नसते. सॉफ्टवेअर फक्त साम्य दाखवतं. ते चौर्य आहे का, हे माणसाने वाचून ठरवायचं असतं.

मराठीत लिहिणाऱ्यांना इथे आणखी एक गोष्ट कळायला हवी. पुष्कळ प्रबंध अजून डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. पडद्यावर अक्षर मराठी दिसतं, पण फाइलच्या आत ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. सॉफ्टवेअर आतलं वाचतं. त्याला तो मजकूर म्हणजे निरर्थक अक्षरांची ओळ दिसते, ती जगात कशाशीच जुळत नाही आणि अहवाल येतो शून्य किंवा एक टक्का. असा अहवाल कितीही गोड दिसला तरी त्यातून काहीच तपासलं गेलेलं नसतं. तपासायची रीत सोपी आहे. वर्डमध्ये एक परिच्छेद निवडायचा आणि फॉन्ट `Mangal` करायचा. अक्षरं मराठीच राहिली तर फाइल युनिकोड आहे. रोमन अक्षरांचा चिवडा झाला तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग तपासणी. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, त्यामुळे नंतर एकदा पूर्ण वाचून काढायला दोन-तीन दिवस हाताशी ठेवावे लागतात.

भाषांतराचंही तसंच. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत आणला की अहवालात तो बहुधा येत नाही. तरी ते वाङ्मयचौर्यच आहे, कारण विचारांचा क्रम, उदाहरणं, निष्कर्ष सगळं दुसऱ्याचं आहे. शब्दांची अदलाबदलही त्यातलीच. समजा एका पुस्तकात आहे, “पेवात साठवलेली हळद हवाबंद राहिल्याने तिला कीड लागत नाही व तिचा रंग अनेक वर्षे टिकतो.” तिने लिहिलं, “पेवामध्ये ठेवलेल्या हळदीला हवा न लागल्यामुळे कीड होत नाही आणि तिचा रंग बरीच वर्षे टिकून राहतो.” सॉफ्टवेअर चकेल, पण वाक्याचा सांगाडा तोच आहे आणि धन्याचं नाव नाही. आपलं लेखन असं होतं: “हवा पोहोचत नाही म्हणून पेवातल्या हळदीला कीड लागत नाही, असे कारण पूर्वीच्या लेखनात दिले आहे. मुलाखत दिलेल्या 18 पेवमालकांपैकी 11 जणांनी तेच सांगितले. तिघांनी मात्र तळाला ओल राहिली तर बुरशी धरते, अशी पुस्ती जोडली.” पहिल्या वाक्यापुढे लेखक, वर्ष, पान हा संदर्भ येईल. दुसरं वाक्य तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिताच आलं नसतं.

अशी चोरी बहुतेक वेळा कुणी ठरवून करत नाही. ती वहीत होते. जुलैमध्ये पुस्तकातलं वाक्य वहीत उतरवून घेतलं, अवतरणचिन्ह घातलं नाही, पान लिहिलं नाही. मार्चमध्ये वही उघडली तर अक्षर आपलं, म्हणून वाक्यही आपलंच वाटतं. त्यासाठी वहीचं पान पहिल्या दिवसापासून उभं दुभंगायचं. डावीकडे दुसऱ्याचे शब्द, अवतरणचिन्हांत, पानाच्या क्रमांकासकट. उजवीकडे फक्त स्वतःला काय वाटलं ते. मोबाइलवर नोंदी घेणाऱ्यांनी दोन वेगळ्या फाइली ठेवल्या तरी चालतं.

प्रबंध जमा झाला की व्हायवा. मराठीत मौखिकी किंवा तोंडी परीक्षा. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ ‘जिवंत आवाजाने’ असा आहे. एम. ए.ला ती पंधरा-वीस मिनिटांत उरकते. बाहेरचे परीक्षक आणि आतले शिक्षक समोर असतात. पीएच.डी.ची मौखिकी खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. दोन्हीकडे तपासायची गोष्ट एकच असते: हे काम हिनेच केलं आहे का, आणि केलेल्या कामाच्या कडा तिला ठाऊक आहेत का. म्हणून पाठांतर इथे फारसं कामी येत नाही.

आपल्या वाक्याची खरी परीक्षा इथे होते. संवाद साधारण असा चालतो.

“पेवं पुरानंतर कमी झाली म्हणता. पुराआधी किती होती?”

“सर, नक्की आकडा मिळाला नाही.”

“मग कमी झाली कशावरून?”

“40 पैकी 31 जणांनी वापर थांबवला, त्यावरून.”

“हे 40 जण कसे निवडले?”

“मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या अडत्यांपासून सुरुवात केली सर. त्यांनी पुढची नावं दिली, त्यांनी आणखी पुढची.”

“म्हणजे ज्यांनी पुरानंतर हळदीचा धंदाच सोडला, ते यात आहेत?”

इथे खोली शांत होते. तिच्या यादीत सगळे आजही धंद्यात असलेले लोक आहेत, कारण एका व्यापाऱ्याने दुसऱ्या चालू व्यापाऱ्याचंच नाव दिलं. या निवडीला साखळी नमुना म्हणतात आणि तिचा हा दोष प्रसिद्ध आहे: साखळीतून सुटलेले लोक कधीच सापडत नाहीत. पुरात ज्यांचं सर्वस्व गेलं आणि ज्यांनी धंदा बंद केला, ते तिच्या 40 मध्ये नाहीत. म्हणजे पुराचं कारण सांगणारे 19 हा आकडा कदाचित कमीच आहे. ‘पुरामुळे’ खोडून ‘पुरानंतर’ केलं ते बरोबरच होतं, पण कर्जाच्या कारणाला तिने दिलेलं वजन आता हलायला लागलं.

या क्षणी मुलं दोन चुका करतात. एक म्हणजे “मार्गदर्शकांनी तसंच सांगितलं होतं” म्हणतात. प्रबंधावर नाव विद्यार्थ्याचं असतं, त्यामुळे हे उत्तर म्हणजे काम आपलं नाही अशी कबुलीच होते. दुसरी म्हणजे तिथल्या तिथे आकडा रचतात: “हो सर, चार-पाच जण होते.” पुढचा प्रश्न येतो, “तक्ता क्रमांक?” आणि सगळंच ढासळतं. तिने म्हणायला हवं ते एवढंच: “नाहीत सर. साखळी नमुना असल्यामुळे धंदा सोडलेले लोक सुटले आहेत. त्यामुळे पुराचं कारण सांगणाऱ्यांची संख्या प्रत्यक्षात जास्त असू शकेल. ही मर्यादा मी चौथ्या प्रकरणात लिहायला हवी होती.” परीक्षकाला नेमकं हेच ऐकायचं असतं. मर्यादा प्रबंधात आधीच लिहिलेली असती, तर हा प्रश्न आलाच नसता किंवा उत्तराला पान दाखवून भागलं असतं.

बरोबर काय न्यायचं, हे थोडक्यात सांगण्यासारखं आहे: प्रबंधाची स्वतःची प्रत, तक्त्यांच्या पानांना चिठ्ठ्या लावलेली, आणि भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा. गठ्ठा टेबलावर असला की काम कुणी केलं हा प्रश्न निम्मा मिटतो.

आता राहिला पिअर रिव्ह्यू. तो प्रबंधाला नसतो, प्रबंधातून काढलेला लेख नियतकालिकाकडे पाठवल्यावर येतो. काहीजण त्याचं भाषांतर समवयस्क समीक्षा असं करतात. इथे वयाचा काही संबंध नाही. पिअर म्हणजे त्याच विषयात काम करणारा, बरोबरीचा जाणकार. म्हणून समकक्ष समीक्षा हा शब्द बरा. लंडनच्या रॉयल सोसायटीचं नियतकालिक 1665 मध्ये निघालं, पण तेव्हा छापायचं काय हे संपादकच ठरवत. प्रत्येक लेख बाहेरच्या जाणकारांना दाखवायची सक्ती ही त्या मानाने अलीकडची गोष्ट आहे. नेचर या नियतकालिकाने ती 1973 मध्ये नियमित केली.

पद्धत अशी. लेख आला की संपादक आधी स्वतः चाळतो, आणि विषयाबाहेरचा किंवा कच्चा असेल तर तिथूनच परत करतो. उरलेला सहसा दोन समीक्षकांकडे जातो. अनेक नियतकालिकांत लेखकाला समीक्षक कळत नाही आणि समीक्षकाला लेखक. म्हणून लेखाच्या प्रतीतून नाव काढायचं असतं. पहिल्या पानावरचं नाव सगळे काढतात, पण फाइलच्या आत ते तसंच राहतं. वर्डमध्ये `File > Info > Check for Issues > Inspect Document` इथून ते पुसता येतं. आणि मजकुरात “माझ्या एम. ए.च्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे” असं वाक्य राहिलं, तर नाव पुसून काही उपयोग नाही.

उत्तर यायला काही आठवडे लागतात, कधी काही महिने. ते चारपैकी एक असतं: स्वीकार, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती, नकार. पहिल्याच फटक्यात स्वीकार फार क्वचित मिळतो. मोठी दुरुस्ती हे चांगलं उत्तर आहे, कारण दार उघडं ठेवलेलं असतं.

दोन दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्यांना मात्र दुरूनच नमस्कार करावा. व्हॉट्सॲपवर येतं: आज लेख पाठवा, उद्या प्रमाणपत्र, एवढे पैसे भरा. हळदीच्या पेवांचं काय व्हायचं ते होवो, अशा नियतकालिकांचं पेव फुटलेलं आहे. एका जाणकाराला लेख नीट वाचून दोन पानं टिपण लिहायलाच काही तास बसावं लागतं, आणि त्याआधी त्याला विचारायचं, त्याने हो म्हणायचं. दोन दिवसांत हे बसत नाही. जाहिरातीत आयएसएसएन क्रमांक ठळक छापलेला असतो. तो नियतकालिकाला ओळखण्यासाठीचा आठ अंकांचा क्रमांक आहे, गुणवत्तेचा शिक्का नव्हे. ‘यूजीसी केअर यादीतील’ हेही अजून छापलं जातं. मान्य नियतकालिकांची ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या फेब्रुवारीत बंद केल्याचं जाहीर केलं आहे. त्यामुळे आता नियतकालिक स्वतः तपासावं लागतं: मागच्या अंकांतले तीन लेख वाचायचे, संपादक मंडळातली दोन नावं त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत का ते पाहायचं.

समजा तिचा लेख चांगल्या ठिकाणी गेला आणि साडेतीन महिन्यांनी मोठी दुरुस्ती म्हणून परत आला. दुसऱ्या समीक्षकाची टिप्पणी अशी: “लेखातला सगळा पुरावा मुलाखतींचा आहे. जवळजवळ वीस वर्षांपूर्वीच्या निर्णयाचे कारण आज सांगताना माणूस ज्याची चर्चा जास्त झाली तेच कारण पुढे करण्याची शक्यता असते. मुलाखतींव्यतिरिक्त काही पुरावा आहे का?”

वाचून राग येतो. राग गेल्यावर दिसतं की हा प्रश्न मौखिकीतल्या प्रश्नाच्या बरोबर उलट बाजूने आलेला आहे. परीक्षक म्हणत होते, पुराचं कारण तुझ्या आकड्यांत कमी दिसत असेल. समीक्षक म्हणतो, जास्त दिसत असेल. दोघेही बरोबर असू शकतात.

सुधारित लेखाबरोबर एक उत्तरपत्र जोडायचं असतं. त्यात प्रत्येक टिप्पणी जशीच्या तशी उतरवायची, खाली आपण काय केलं ते आणि कोणत्या पानावर, ते लिहायचं. “आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहे, आवश्यक ते बदल केले आहेत” हे उत्तर नव्हे, कारण कोणते बदल ते समीक्षकाला शोधत बसावं लागतं. तिने लिहिलं:

“टिप्पणी मान्य आहे. मुलाखत दिलेल्या 12 जणांना कर्जाची कागदपत्रे दाखवण्याची विनंती केली. सात जणांनी गोदामाच्या पावतीवर घेतलेल्या पहिल्या कर्जाची कागदपत्रे दाखवली. त्यांपैकी पाच 2005 नंतरची, तर दोन त्याआधीची आहेत. ही माहिती पृष्ठ 9 वर तक्ता 3 मध्ये जोडली आहे. उरलेल्या पाच जणांचा लेखी पुरावा मिळाला नाही, हे पृष्ठ 12 वर मर्यादांमध्ये नोंदवले आहे. धंदा सोडलेले साठवणूकदार नमुन्यात नाहीत, ही मर्यादाही तेथेच जोडली आहे.”

दोन कागद पुराच्या आधीचे निघाले. म्हणजे निदान दोघांची पावलं पूर यायच्या आधीच गोदामाकडे वळली होती. दोन म्हणजे फार नव्हेत, पण ‘पुरामुळे’ या शब्दाला ते पुरून उरतात. वाक्य शेवटी असं झालं: “हरिपूर येथील पेवांचा वापर 2005 च्या पुरानंतर कमी झाल्याचे मुलाखतींतून दिसते; मात्र काही साठवणूकदार पुराच्या आधीच गोदामांकडे वळू लागले होते.”

लेख स्वीकारला गेला की छपाईपूर्वीची प्रत तपासायला येते आणि तीन-चार दिवसांत परत मागतात. तेव्हा एक काम विसरू नये. मराठी लेखाबरोबर पुष्कळ ठिकाणी इंग्रजी गोषवाराही मागतात, आणि तो बहुधा महिन्यांपूर्वी, पहिल्या मसुद्यावरून करून ठेवलेला असतो. मराठीत दुरुस्त्या होत राहतात, तिकडे कुणी बघत नाही. मग मराठी लेखात ‘पुरानंतर’ छापलं जातं आणि वरच्या इंग्रजी गोषवाऱ्यात ‘ड्यू टू द फ्लड’ तसंच राहतं.